सभा सुरू होण्याआधीची दोन मिनिटे

ऑनलाइन सभेचे स्वागतभाषण सभागृहातल्या स्वागतभाषणासारखे नसते. सभागृहात मान्यवरांची नावे, आभार आणि प्रास्ताविक झाले की काम भागते, कारण कुठे बसायचे आणि कधी बोलायचे हे लोकांना ठाऊक असते. पडद्यावरच्या सभेत तेच कोणाला ठाऊक नसते. माइक कोणाचा सुरू आहे, प्रश्न कुठे विचारायचा, हात वर केल्याचे कोणाला दिसते, या गोष्टी होस्टने म्हणजे सभा चालवणाऱ्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगितल्या नाहीत, तर पुढचा तासभर त्याच पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. म्हणून या भाषणात स्वागत नावापुरते आणि कामाच्या सूचना जास्त असतात.

उदाहरणासाठी पुण्यातली चौसष्ट फ्लॅटची एक कल्पित गृहनिर्माण संस्था घेऊ. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करायची आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडण्याआधी सभासदांशी चर्चा व्हावी, म्हणून समितीने संध्याकाळी साडेसातला झूमवर चर्चासभा ठेवली आहे. काही सभासद परदेशी आहेत, काही फ्लॅट भाड्याने देऊन दुसऱ्या गावी राहतात, काही ज्येष्ठ नागरिक मोबाइलवर आले आहेत आणि एकदोघे तर साधा फोन लावून नुसते ऐकत आहेत. अशा सभेचे स्वागतभाषण साधारण असे असू शकते :

‘नमस्कार मंडळी. साडेसात वाजलेत, सुरुवात करू या. माझा आवाज ज्यांना येतोय त्यांनी बोलून सांगू नका, खालचं Reactions दाबून अंगठा दाखवा. छान, बरेच अंगठे दिसतायत. ज्यांना आवाज येत नाही त्यांच्यासाठी चॅटमध्ये सूचना टाकली आहे.

आजचा विषय एकच, टाकीची दुरुस्ती आणि तिचा खर्च. साडेआठला थांबायचं आहे. आधी खजिनदार दहा मिनिटं आकडे सांगतील, मग तुमचे प्रश्न.

तुम्हा सगळ्यांचे माइक आत्ता बंद आहेत. ते मीच बंद केलेत, तुमच्या मोबाइलमध्ये काही बिघाड नाही. बोलायचं असेल तर Raise hand दाबा. तुमचं नाव पुकारलं की पडद्यावर माइक सुरू करायची विचारणा येईल, ती स्वीकारा. आधी नमस्कार म्हणा, मग नाव आणि फ्लॅट नंबर. प्रत्येकाला दोन मिनिटं. झालं की माइक बंद करून हात खाली घ्या. फोन लावून आलेल्यांनी हात वर करायला स्टार नऊ दाबायचं, आणि नाव पुकारल्यावर बोलायला स्टार सहा.

एकाच घरातून दोघं दोन मोबाइलवर असाल, तर एकाच मोबाइलचा आवाज सुरू ठेवा.

चॅट फक्त प्रश्नांसाठी आहे. To च्या पुढे Everyone लिहिलंय ना, ते बघून घ्या. आधी फ्लॅट नंबर, मग एका ओळीत प्रश्न. चॅट मी वाचत नाहीये, ते काम सहसचिव करतायत. त्या दर पंधरा मिनिटांनी प्रश्न वाचून दाखवतील.

सभेचं रेकॉर्डिंग इतिवृत्त लिहिण्यापुरतं होतंय, ते व्हॉट्सअॅप गटावर टाकलं जाणार नाही. आता खजिनदारांनी सुरुवात करावी.’

नेहमीच्या वेगाने बोलले तर एवढे भाषण दोन मिनिटांच्या आसपास संपते. त्यातले प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या घोटाळ्याला उत्तर म्हणून आलेले आहे.

पहिले वाक्य आवाजाच्या चाचणीचे. बहुतेक सभांत होस्ट ‘माझा आवाज येतोय का?’ असे विचारतो, आणि ज्यांचे माइक सुरू आहेत ते सगळे एकदम ‘हो, येतोय’ म्हणतात. त्या गलक्यात ज्यांना खरोखरच येत नाही त्यांचा पत्ता लागत नाही. त्यांना प्रश्नच ऐकू आलेला नसतो, म्हणून ते उत्तरही देत नाहीत. अंगठा मागितला की होस्टला पडद्यावर किती जण ऐकताहेत याचा अंदाज येतो आणि शांतताही मोडत नाही. आवाज न येणाऱ्यांना तोंडी सूचना देऊन उपयोग नसतो, ती लिहूनच द्यावी लागते. बहुतेक वेळा त्यांनी सभेत येताना आवाज जोडण्याचे Join Audio हे बटण दाबलेले नसते. चॅटमध्ये त्या बटणाचे नाव लिहिले तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

म्युटचा नियम का लागतो, हे कळायला प्रतिध्वनी कसा होतो ते पाहावे लागते. ‘अ’ बोलतो, त्याचा आवाज ‘क’च्या घरी लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडतो. ‘क’चा माइक सुरू असेल तर तोच आवाज त्यात शिरतो आणि सगळ्यांकडे परत जातो. ‘अ’ला स्वतःचेच शब्द अर्ध्या सेकंदाने पुन्हा ऐकू येतात, इतरांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते. झूमसारख्या प्रणाली हे टाळण्याची सोय करतात. स्वतःच्या स्पीकरमधून काय बाहेर जाते आहे हे यंत्राला माहीत असते, तेवढा भाग ते माइकच्या आवाजातून वजा करते. पण एकाच खोलीत दोन यंत्रे असली की ही वजाबाकी फसते, कारण शेजारचा मोबाइल काय वाजवतो आहे हे लॅपटॉपला कळायला मार्ग नसतो. वडील हॉलमध्ये लॅपटॉपवर आणि आई स्वयंपाकघरात मोबाइलवर, दोघांचे माइक व स्पीकर सुरू, अशा घरातून कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. एका यंत्राचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात असा फेरा प्रत्येक वेळी वाढत जातो. भाषणातली ‘एकाच मोबाइलचा आवाज सुरू ठेवा’ ही सूचना त्यासाठी आहे.

प्रतिध्वनी कोणाच्या घरातून येतो हे ओळखायची एक खूण अनुभवी होस्टना माहीत असते. ज्याच्याकडे दोष असतो, त्यालाच तो ऐकू येत नाही. ‘क’च्या घरातून परत गेलेला आवाज ‘अ’ला आणि ‘ब’ला जातो, ‘क’ला मात्र ‘अ’चे बोलणे एकदाच ऐकू येते. म्हणून ‘कोणाचा माइक सुरू आहे, कृपया बंद करा’ अशी सर्वसाधारण विनंती फारशी चालत नाही. ज्याने ती मनावर घ्यायची, त्याला सगळे ठीकच चालले आहे असे वाटत असते. त्याऐवजी होस्टने सहभागींची यादी उघडून, बोलत नसतानाही कोणाच्या नावापुढचे माइकचे चिन्ह हिरवे होते आहे ते पाहावे आणि नेमका तोच माइक बंद करावा. कुकरची शिट्टी, टीव्हीवरची मालिका आणि दाराची घंटासुद्धा अशाच सापडतात. अशा आवाजांमुळे चित्रही बिघडते. बोलणाऱ्याचा चेहरा मोठा दाखवणारी मांडणी लावलेली असेल तर खजिनदारांच्या जागी अचानक कोणाची तरी फोडणी टाकण्याची लगबग सगळ्यांसमोर येते.

माइक एकदम बंद करायला होस्टकडे Mute All हे बटण असते. ते दाबताना एक चौकट समोर येते. सहभागींना स्वतःचा माइक स्वतः सुरू करता यावा का, असे तिथे विचारलेले असते. ही एक खूण ठेवली की काढली यावर सगळ्या सभेचा नियम ठरतो. आणि स्वागतभाषणातली सर्वांत मोठी चूक नेमकी इथे होते. होस्ट ती खूण काढून टाकतो आणि वर सांगतो, ‘बोलायचं असेल तेव्हा अनम्युट करा.’ लोक बटण दाबत राहतात, काही होत नाही, आणि समितीला आपल्याला बोलूच द्यायचे नाही असा समज पसरतो. टाकीच्या खर्चाबद्दल आधीच कुजबुज असेल तर तो समज पुसायला सबंध सभा पुरत नाही. म्हणून भाषण लिहिण्याआधी सेटिंग ठरवावे आणि सेटिंगप्रमाणे वाक्य लिहावे. दहाबारा जणांच्या बैठकीत लोकांना स्वतः माइक सुरू करू द्यावा. पन्नाससाठ जण असतील तर खूण काढून, हात वर करायला सांगून, एकेकाला विचारणा पाठवावी. या विचारणेला झूममध्ये Ask to Unmute म्हणतात. साधारणतः होस्टला दुसऱ्याचा माइक बंद करता येतो, पण त्याच्या संमतीशिवाय सुरू करता येत नाही. ही सोय खासगीपणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्येष्ठ सभासद पडद्यावर आलेली विचारणा न बघता बोलू लागतात, ओठ हलतात आणि आवाज येत नाही. म्हणून ‘विचारणा येईल, ती स्वीकारा’ हे भाषणात सांगावेच लागते.

‘ते मीच बंद केलेत’ हे वाक्य भाषणातून गाळण्याचा मोह होतो, पण ते फार उपयोगी आहे. माइकवर लाल रेघ दिसली की नवखा माणूस आपल्याच मोबाइलमध्ये काहीतरी बिघडले असे समजतो आणि सभेतून बाहेर पडून पुन्हा आत येतो. तसे तीनचार जण करू लागले की वेटिंग रूममधून त्यांना पुन्हा पुन्हा आत घेण्यातच होस्टचा वेळ जातो.

हात वर करण्याचा नियम काहींना शाळकरी वाटतो. त्यामागचे कारण मात्र माणसाच्या बोलण्याच्या सवयीत आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, जगातल्या दहा भाषांच्या अभ्यासात असे दिसले की, प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. समोरासमोर बोलताना कोणाचे वाक्य कधी संपणार याचा अंदाज आपण आधीच घेतो आणि त्या बारीक फटीत शिरतो. इंटरनेटवरून आवाज पोचायला मात्र वेळ लागतो. सुखाने संवाद व्हावा म्हणून एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. घरगुती वायफाय, मोबाइलचे नेटवर्क आणि परदेशातला सभासद एकत्र आले की तो त्याहून वाढतो. मग दोघांनाही शांतता झाली असे वाटते, दोघेही एकदम सुरुवात करतात, दोघेही थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही, आधी तुम्ही’ असे होते आणि पुन्हा दोघेही बोलू लागतात. यात कोणाचा उद्धटपणा नसतो. हात वर केला की पुढचा कोण हे अंदाजाने नव्हे तर यादीवरून ठरते. झूमच्या सहभागींच्या यादीत हात वर केलेल्यांची नावे क्रमाने वर येतात, त्यामुळे आधी कोणी हात वर केला याचा वादही राहत नाही.

‘आधी नमस्कार म्हणा’ ही सूचना सभ्यतेसाठी वाटते, पण तिचा उपयोग वेगळा आहे. माइक सुरू केल्यावर पहिला अर्धा शब्द बऱ्याचदा गिळला जातो. नाव किंवा फ्लॅट नंबर आधी सांगितला तर तोच कापला जातो आणि होस्टला ‘कोण बोलतंय?’ विचारावे लागते. नमस्कार कापला गेला तर काही बिघडत नाही.

म्युटचे बटण हाती आले की सत्ता हाती आल्यासारखी वाटते, हा या विषयातला अवघड भाग आहे. इंग्लंडमधल्या हँडफोर्थ या छोट्या गावाच्या पॅरिश कौन्सिलची डिसेंबर 2020 मधली झूम बैठक याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. बैठक चालवण्यासाठी मदतीला आलेल्या जॅकी वीव्हर यांनी वाद वाढल्यावर खुद्द कौन्सिलच्या अध्यक्षांनाच बैठकीतून बाहेर काढले. तुम्हाला इथे तसा अधिकारच नाही, असे ते बजावत होते. ही चित्रफीत फेब्रुवारी 2021 मध्ये जगभर पाहिली गेली आणि लोक पोट धरून हसले. हसण्याआड एक साधा प्रश्न होता : बटण कोणाकडे आहे आणि अधिकार कोणाकडे आहे, या दोन गोष्टी एकच नाहीत. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत अध्यक्ष एक असतो आणि झूमचा होस्ट बहुधा तंत्र जाणणारा तरुण सभासद असतो. कोणाला बोलू द्यायचे हे अध्यक्षाने ठरवायचे, होस्टने ते बटणाने अमलात आणायचे. हे दोघांमध्ये आधी ठरलेले बरे. गोंगाटासाठी माइक बंद करायला होस्टला विचारण्याची गरज नाही. मतभेदासाठी मात्र त्याने बटणाला हात लावू नये. एखादे गृहस्थ दोन मिनिटे संपूनही थांबत नसतील तर ‘आपली वेळ झाली, वाक्य पूर्ण करा’ असे अध्यक्षांनी सांगावे, आणि तरी थांबले नाहीत तर आता माइक बंद करत आहोत असे जाहीर करून मगच तो बंद करावा. न सांगता बंद केलेला माइक वर्षभर लक्षात ठेवला जातो.

चॅटचा नियम सांगताना मुख्य मुद्दा असतो तो कोणाला लिहायचे याचा. चॅटमध्ये संदेश सगळ्यांना, फक्त होस्टला किंवा एकाच व्यक्तीला पाठवता येतो. To च्या पुढचे नाव आपोआप बदलत नाही, शेवटी निवडलेलेच राहते. एखादीने मैत्रिणीला खासगीत काही लिहिले, मग प्रश्न विचारला, तर तो प्रश्नही मैत्रिणीलाच जातो आणि समिती उत्तर देत नाही म्हणून तिला राग येतो. उलट झाले तर जास्त वाईट. खजिनदारांविषयी शेजाऱ्याला लिहिलेला शेरा चौसष्ट घरांत पोचतो. ज्या सभेत तापलेला विषय आहे, तिथे सभासदांनी एकमेकांना खासगी संदेश पाठवण्याची सोय होस्टने बंद ठेवावी. मग सगळ्यांना आणि होस्टला एवढेच पर्याय उरतात आणि चुकीची शक्यता खूपच कमी होते.

होस्टने स्वतः चॅट वाचायचे नाही, हा नियम साधा वाटतो पण पाळला जात नाही. बोलणाऱ्याकडे लक्ष देणे, हातांची यादी पाहणे, गोंगाट शोधणे आणि चॅट वाचणे ही चार कामे एका माणसाकडून होत नाहीत. चॅट निसटते, आणि ‘माझा प्रश्न तीनदा लिहिला, कोणी बघितला नाही’ अशी तक्रार येते. म्हणून चॅट पाहणाऱ्याला को-होस्ट करावे आणि भाषणात त्याचे पद सांगावे, म्हणजे प्रश्न कोणापर्यंत जातो आहे हे लोकांना कळते. ‘B-304 : दुरुस्तीचे अंदाजपत्रक किती जणांकडून घेतले?’ असा एका ओळीचा प्रश्न वाचायला सोपा आणि इतिवृत्तात उतरवायलाही सोपा. बहुतेक जण मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि ‘taki’ टाकी आहे की टाकी बांधायला टाकलेली काही अट आहे हे सहसचिवांना प्रत्येक वेळी ओळखावे लागते. ते नियमाने सुटणारे नाही, त्यामुळे भाषणात त्याचा उल्लेख नसला तरी चालेल. सहमती दाखवायला ‘बरोबर आहे’, ‘मीही’ असे लिहिण्याऐवजी त्याच संदेशाला अंगठा द्यावा, नाहीतर प्रश्न वर सरकत नाहीसे होतात.

चॅटच्या दोन मर्यादा होस्टने ध्यानात ठेवाव्यात. साधा फोन लावून आलेल्यांना चॅट दिसतच नाही, म्हणून सगळे महत्त्वाचे प्रश्न आणि उत्तरे मोठ्याने वाचावी लागतात. आणि उशिरा आलेल्याला आपण येण्याआधीचे संदेश बहुधा दिसत नाहीत. साडेसातला चॅटमध्ये टाकलेली सूचना सव्वाआठला आलेल्याच्या कामाची नसते.

सभेचे चॅट जपून ठेवायचे असेल तर तेही आधी सांगितलेले बरे. होस्टने चॅट साठवले तर सगळ्यांना पाठवलेले आणि त्याला स्वतःला आलेले संदेश त्याच्या फाइलमध्ये येतात; इतर दोघांनी आपसात केलेले खासगी बोलणे त्याला मिळत नाही. हे माहीत नसल्यामुळे काही जण होस्टला सगळे दिसते असे समजून काही लिहीतच नाहीत. मात्र रेकॉर्डिंग करणाऱ्याला आलेले खासगी संदेश त्याच्या फाइलमध्ये उतरतात, म्हणून ती फाइल जशीच्या तशी गटावर टाकू नये.

उशिरा येणाऱ्यांसाठी अख्खे भाषण पुन्हा करायची गरज नसते. खजिनदारांचे आकडे सांगून झाले आणि प्रश्न सुरू व्हायचे असतात, ती वेळ साधून होस्टने दोनच वाक्ये बोलावीत : ‘बोलायला हात वर करा, नाव पुकारल्यावर माइक सुरू करा. लिहायचं असेल तर फ्लॅट नंबर टाकून सगळ्यांना दिसेल असं लिहा.’ हीच दोन वाक्ये त्याच क्षणी चॅटमध्येही टाकावीत. तोपर्यंत आलेल्या सगळ्यांना ती दिसतात, आणि तासाभराच्या सभेत तिसऱ्यांदा सांगण्याची वेळ सहसा येत नाही.